दहा चिंचोके आणि एक चिठ्ठी: तिसरीच्या वर्गाचा निरोप

तिसरीच्या बाईंची बदली झाल्याचं मुलांना बाईंनी सांगितलं नाही. ते त्यांना गावातल्या किराणा दुकानात कळलं. कुणाच्या तरी वडिलांनी ते तिथं बोलून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या आधी व्हरांड्यात एका मुलानं मला गाठलं. मी चौथीला शिकवते. माझा वर्ग तिसरीच्या भिंतीला लागूनच आहे. त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "बाई, आमी लई दंगा करतोय म्हणून आमच्या बाई चालल्यात काय?"

ही शाळा कोल्हापूर शहराच्या पश्चिमेला करवीर तालुक्यात आहे. जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची, भोवती ऊस. या बाईंनी हा वर्ग पहिलीला घेतला आणि तिसरीपर्यंत त्याच्यासोबत वर चढत आल्या. पटावर ३१ मुलं. त्यांची बदली गगनबावडा तालुक्यात झाली. जूनपासून हा वर्ग माझ्याकडे येणार हेही त्याच दिवशी ठरलं. त्यामुळे या सगळ्यात मी नुसती बघणारी नव्हते. बाईंनी निरोपाची चिठ्ठी आणि प्रत्येकाला द्यायची छोटी आठवण कशी तयार केली, ते मी शेजारी बसून पाहिलं. पुढं त्याचं काय झालं, ते माझ्याच वर्गात पाहिलं. यातली काही गोष्ट नीट जमली आणि एक सपशेल चुकली. दोन्ही लिहिते.

त्या मुलाचा प्रश्न मी मधल्या सुट्टीत बाईंना सांगितला. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "ताई, म्हणजे मी जे लिहिलंय त्याचा काही उपयोग नाही." त्यांनी आदल्या रात्रीच चिठ्ठी लिहिली होती. ती अशी सुरू होत होती:

"प्रिय विद्यार्थ्यांनो, कालचक्र अविरत फिरत असते. तुमच्या निरागस सहवासात घालवलेले हे क्षण माझ्या हृदयाच्या कुपीत सदैव दरवळत राहतील. आपले ऋणानुबंध असेच अतूट राहोत आणि तुमचे भविष्य उज्ज्वल होवो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना."

पुढं असाच दीड पानभर मजकूर होता. निरोप समारंभात आपण सगळे असंच बोलतो आणि मोठ्यांच्या कार्यक्रमात ते चालूनही जातं. पण ही चिठ्ठी आठ-नऊ वर्षांची मुलं वाचणार होती. म्हणून आम्ही एक साधी चाचणी केली. दुसरीतल्या एका बऱ्यापैकी वाचणाऱ्या मुलीला बोलावलं आणि चिठ्ठी मोठ्यानं वाचायला सांगितली. तिसरीच्या मुलांना दाखवली असती तर गुपित फुटलं असतं. शिवाय तिसरीत पाच-सहा मुलं अजून सुटे शब्दच जुळवून वाचतात, तेव्हा दुसरीतलं हे मूल बरोबर मापाचं होतं. ती "कालचक्र"वर अडली, "अविरत"ला "अवीट" म्हणाली आणि "ऋणानुबंध"ला येऊन तिनं बाईंच्या तोंडाकडं पाहिलं. मी तिला विचारलं, "यात काय सांगितलंय गं?" ती म्हणाली, "देवाची प्रार्थना हाय."

बाई जाणार आहेत, हेच तिला त्यातून कळलं नव्हतं.

दुसरा खर्डा त्यांनी सोप्या शब्दांत लिहिला. जोडाक्षरं कमी होती, वाक्यं लहान होती आणि ती मुलगी तो घडाघडा वाचून गेली. पण त्यात दोन वाक्यं होती ज्यांवर मला तो व्हरांड्यातला मुलगा आठवला. एक होतं, "मी तुम्हाला सोडून चालले आहे." दुसरं, "नव्या बाईंना त्रास देऊ नका, शहाण्यासारखं वागा." सोडून जाणं हा आपल्याकडं फार जड शब्द आहे. घर सोडून जातात, गाव सोडून जातात, आणि माणूस गेला तरी सोडून गेला म्हणतात. मुलांनी हा शब्द घरात कुठल्या कुठल्या प्रसंगी ऐकलेला असतो ते आपल्याला माहीत नसतं. दुसऱ्या वाक्याचा अर्थ तर सरळ निघत होता: जुन्या बाईंना तुम्ही त्रास दिलात. ज्याला आधीच दंग्याची टोचणी लागलीय, त्याच्या हातात आपण लेखी पुरावा देणार होतो.

म्हणून तिसऱ्या खर्ड्याआधी आम्ही कागदावर मुलांच्या बाजूचे प्रश्न मांडले. बाई कुठं चालल्या? का? आमच्यामुळं का? आता आम्हाला कोण शिकवणार? ते आम्हाला ओळखतात का? या पाचांची उत्तरं चिठ्ठीत यायलाच हवीत आणि ती बाईंच्या भावनांच्या आधी यायला हवीत, एवढं ठरलं. काय लिहायचं नाही हेही ठरलं. "मी भेटायला येईन" हे वाक्य बाईंनी स्वतःच खोडलं. गगनबावडा कोल्हापूरपासून साधारण ५५ किलोमीटर. पावसाळ्यात तिकडं धुवांधार पाऊस असतो, त्यांना स्वतःचं लहान मूल आहे आणि त्या येऊ शकतील याची खात्री त्यांनाच नव्हती. मोठा माणूस "बघू, जमलं तर येईन" याचा अर्थ समजून घेतो. तिसरीतलं पोर मात्र प्रत्येक शनिवारी फाटकाकडं बघत बसतं. "रडू नका" हेही काढलं. ज्याला रडू येईल त्याला येऊ दे आणि ज्याला येणार नाही त्याला, आपल्याला का येत नाही, असं वाटायला नको.

शेवटची चिठ्ठी अशी झाली:

"मुलांनो,

जूनपासून मी गगनबावड्याच्या शाळेत शिकवणार आहे. शिक्षकांची शाळा काही वर्षांनी बदलते, तशी माझी बदलली. तुमच्या कुणाच्या वागण्यामुळे ती बदललेली नाही.

चौथीत तुम्हाला शेजारच्या वर्गातल्या बाई शिकवतील. त्या तुम्हाला ओळखतात.

पहिलीत आपण चिंचोके मोजायला बसायचो. दहाचा गट करताना कुणी नऊवर थांबायचं, कुणी अकरावर. आता तुम्ही हजाराच्या पुढं मोजता.

या पिशवीत दहा चिंचोके आहेत. तीन आपल्या डब्यातले आहेत आणि सात या वर्षीच्या चिंचेचे.

तुम्हाला शिकवताना मला खूप मजा आली.

तुमच्या बाई"

मोजून पाहिलं तर सत्तरच्या आसपास शब्द आहेत. ती टाइप करून घ्यावी असा विचार झाला होता, पण बाईंनी हातानं लिहिली, फळ्यावर लिहितात तशी, सुट्या मोठ्या अक्षरांत. मग अर्ध्या पानावर तिच्या झेरॉक्स काढल्या. ते अक्षर मुलांनी तीन वर्षं रोज वाचलं होतं. छापील अक्षरात अडखळणारी मुलंही बाईंचं अक्षर बरं वाचतात, हे वर्गात शिकवणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

चिठ्ठीत चिंचोके कुठून आले ते सांगते. आठवण म्हणून काय द्यायचं यावर पहिले दोन दिवस पेन, चॉकलेट, वर्गाचा फोटो आणि रोप अशी चर्चा चालली होती. पेन महिनाभरात संपतं, आणि कुणाचं पहिल्याच दिवशी चालत नाही. चॉकलेट एप्रिलच्या उन्हात फाटकापर्यंतही पोचत नाही. रोप दिलं असतं तर मे महिन्यात निम्मी मुलं मामाच्या गावाला गेल्यावर त्याला पाणी कोण घालणार? फोटोचा विचार मात्र बराच वेळ टिकला होता. तो मागं पडला, कारण फोटो काढायच्या दिवशी जो गैरहजर असेल तो त्या आठवणीतूनच कायमचा वगळला जातो.

मग बाईंनी कपाट आवरताना चिंचोक्यांचा डबा निघाला. पहिलीत दशक-एकक शिकवायला मुलांनी घरून मुठी मुठी आणलेले चिंचोके त्यात होते. दहा चिंचोक्यांचा एक ढीग म्हणजे एक दशक, उरलेले सुटे म्हणजे एकक. या वर्गानं गणिताची पहिली पायरी या डब्यावर चढली होती. दहा चिंचोके म्हणजे एक पूर्ण दशक प्रत्येकाला द्यायचं, हे तिथंच ठरलं. शाळेच्या आवारात चिंचेचं झाड आहे आणि एप्रिल म्हणजे चिंचा उतरवायचे दिवस, त्यामुळे माल दारातच होता.

पण डबा उलटा केल्यावर तळाशी पिवळसर पीठ निघालं. चिंचोक्याला किडा लागतो. अळी आतला गर खाते आणि किडा बाहेर पडताना बारीक गोल भोक पाडतो. वरून चिंचोका धडधाकट दिसतो आणि आतून पोकळ असतो. डब्यातल्या चारेकशे चिंचोक्यांची तपासणी दोन फेऱ्यांत केली. आधी सगळे पाण्याच्या बादलीत टाकले. पोकळ झालेले तरंगतात, ते काढून टाकले. बुडालेल्यांतही काहींना नुकतंच भोक पडलेलं असतं, म्हणून ते पुसून एकेक उजेडात धरून पाहिले. चांगले जेमतेम सव्वाशे उरले. ३१ मुलांना दहा-दहा देणं त्यातून शक्य नव्हतं. म्हणून प्रत्येकाला तीन जुने आणि सात नवे, असा हिशेब आला. जुने हात लागून लागून काळे आणि गुळगुळीत झालेत, नवे तांबूस आहेत. ठेवले की फरक दिसतो.

नवे चिंचोके पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी तयार करून दिले. चिंच फोडून काढलेल्या चिंचोक्याला कोळ चिकटलेला असतो. तसाच ठेवला तर मुंग्या लागतात आणि कापडाला डाग पडतो. म्हणून रात्रभर पाण्यात भिजवून चोळून धुतले, पुन्हा तरंगणारे काढले आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवले. किड्याची अंडी नुसत्या उन्हानं मरतीलच असं नाही, म्हणून मावशींनी ते लोखंडी कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं परतले. हाताला चटका बसेल इतकेच गरम करायचे, टरफल तडकू द्यायचं नाही. तडकलं की तो खायचा चिंचोका झाला. जुन्यांनाही तीच आच दाखवली. ही परतण्याची युक्ती पुढं आमच्या अंगाशी आली, पण ते नंतर.

पिशवीसाठी कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरच्या दुकानातून सव्वा मीटर मांजरपाट आणला. ३६ इंच पन्ह्याच्या एका मीटरमधून १० बाय २४ सेंटिमीटरचे ३६ तुकडे निघतात, वरचा पाव मीटर चुकेल त्यासाठी. तुकडा मधोमध दुमडायचा, दोन्ही बाजू शिवायच्या, तोंडाशी नेफा करून नाडी ओवायची. तळहाताएवढी पिशवी होते. शिलाई मावशींनीच त्यांच्या मशीनवर केली आणि पैसे घेतले नाहीत. बाकी सगळा खर्च दोनशे रुपयांच्या आत भागला आणि तो बाईंनी स्वतः केला. पालकांकडून काही गोळा करायचं नाही हे त्यांनी पहिल्यापासून ठरवलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निरोप चांगला झाला असता. पण बाईंच्या मनात होतं की चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूला प्रत्येकासाठी एक ओळ हातानं लिहावी. या ओळींनी त्यांचे आठ-दहा दिवस खाल्ले, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त त्यांनाच दिलं.

पहिल्या रात्री त्यांनी हजेरीच्या क्रमानं लिहायला घेतलं. हुशार मुलांना "तू खूप हुशार आहेस" आणि खोडकरांना "तू खूप चपळ आहेस" असं होऊ लागलं. एका मुलीला "अक्षर थोडं सुधार" असंही लिहून झालं. सकाळी त्यांनी मला यादी दाखवली. मुलं या ओळी वाचल्याबरोबर एकमेकांच्या चिठ्ठ्या ओढून पाहणार, हे उघड होतं. तिथं पाच जणांना "हुशार" आणि सहाव्याला "मनमिळाऊ" दिसलं की सहाव्याला अर्थ लागतो. मुलं या बाबतीत फार तरबेज असतात. म्हणून गुण सांगायचाच नाही असं ठरलं. फक्त बाईंनी स्वतः डोळ्यांनी पाहिलेली, त्या मुलाचीच असलेली एक गोष्ट लिहायची. सगळ्यांची ओळ साधारण सारख्या लांबीची. उपदेश नाही आणि कुणाशी तुलना नाही.

मग ओळी अशा येऊ लागल्या: "गणित सुटलं की तू पेन्सिल कानावर ठेवतोस." "पाऊस आला की तू आधी सगळ्यांच्या चपला आत घेतेस." "तू डस्टर खिडकीबाहेर झटकतोस आणि मग खडूचा धूर बघत उभा राहतोस." "शेजारणीनं मागायच्या आधीच तू खोडरबर पुढं करतेस."

पहिल्या वेळी त्यांनी हे सगळं "ठेवायचास", "घ्यायचीस" असं लिहिलं होतं. ओळी वाचताना मला कसंतरी वाटलं आणि कारण कळायला थोडा वेळ लागला. गेलेल्या माणसाबद्दल आपण असं बोलतो. मुलगा तर उद्याही पेन्सिल कानावर ठेवणार आहे, फक्त बाई ते बघायला नसतील. क्रियापद वर्तमानात आणल्यावर ओळ आठवणीतून उठून मुलाजवळ आली.

पंचवीस ओळी दोन रात्रींत झाल्या. सहा राहिल्या. ही सहा मुलं मधल्या रांगेतली, न दंगा करणारी, न हात वर करणारी. अभ्यास ठीक, हजेरी ठीक, तक्रार नाही. तीन वर्षं शिकवून बाईंना त्यांच्याबद्दल लिहायला एक ओळ सुचेना. त्या टेबलाशी बसून रडल्या. "ताई, मी यांना बघितलंच नाही," म्हणाल्या. मी त्यांना काय सांगणार? माझ्या वर्गातही अशी मुलं आहेत आणि त्या दिवशी मी मनात माझी यादी केली, तीही लहान नव्हती.

शाळेचे सात दिवस हातात होते. बाईंनी रोज एक मूल ठरवलं आणि त्या दिवशी शिकवता शिकवता, मधल्या सुट्टीत, आहाराच्या पंगतीत, फक्त त्या एकाकडं लक्ष ठेवलं. त्याला कळू न देता. पहिल्या दिवशीची मुलगी ताटातलं शेवटचं घास-दोन घास बाजूला काढून भिंतीपलीकडच्या कुत्रीला नेऊन देते, हे दिसलं. रोज नेत असणार, कारण कुत्री वेळेवर हजर होती. दुसऱ्या दिवशीचा मुलगा कविता म्हणताना ओठ हलवत नाही पण पायाच्या अंगठ्यानं ताल धरतो. एका मुलाचं मात्र दिवसभरात काहीच सापडलं नाही, म्हणून त्याच्यावर आणखी एक दिवस घातला. घरी जाताना तो रस्त्याच्या कडेनं चालतो आणि धाकट्या बहिणीला आतल्या बाजूला ठेवतो. उसाच्या ट्रॅक्टरचा तो रस्ता आहे. ही ओळ लिहून झाल्यावर बाईंनी मला हाक मारून वाचून दाखवली.

पिशव्या द्यायचा दिवस निकालाचा नको हेही ठरवून घेतलं. १ मे ला झेंडा, निकाल, पालक, नव्या वर्गाची गडबड, त्यात चिठ्ठी कोण वाचणार? शिवाय त्या दिवशी ग्रामपंचायतीकडून बाईंना शाल-नारळ द्यायचा कार्यक्रम होता, तो मोठ्यांचा. मुलांसाठी त्याआधीचा शनिवार निवडला. सकाळची शाळा होती. सुटायच्या वेळी नाही, तर मधल्या सुट्टीनंतर लगेच, म्हणजे विचारायला आणि रुसायला तास-दीड तास हाताशी राहील.

बाईंनी आधी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "वागण्यामुळे ती बदललेली नाही" या वाक्यानंतर त्या थोड्या थांबल्या. मी दारात उभी होते. व्हरांड्यातला तो मुलगा बाकाखाली काहीतरी शोधत होता आणि त्याचं डोकं हळूच वर आलं. मग त्या रांगेनं प्रत्येकाजवळ गेल्या, खाली बसल्या आणि पिशवी हातात दिली. नाव पुकारून पुढं बोलवलं नाही.

आम्हाला वाटलं होतं मुलं आधी मागची ओळ वाचतील. त्यांनी आधी चिंचोके मोजले. तीन वर्षं बाईंनी जे शिकवलं तेच केलं, फरशीवर ओतले आणि मोजले. एका पिशवीत नऊ निघाले. बाईंनी दोनदा मोजूनही ते झालं होतं, म्हणून सांगते की मोजणी दुसऱ्या माणसाकडून करून घ्यावी. सुटे चिंचोके बाईंच्या खिशात होते, त्यातला एक लगेच दिला. आणि एक मुलगी मूठ मिटून पुढं आली. "बाई, माज्यात अकरा आलेत. एक परत देतो." आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, मी आलो, मी देतो. बाईंनी तो चिंचोका घेतला आणि तिला मिठीत घेतलं. त्या दिवशी बाई तेवढ्याच एकदा रडल्या.

दोन मुलं गैरहजर होती. त्यांच्या पिशव्या बाईंनी निकालाच्या दिवशी स्वतःच्या हातानं दिल्या, दुसऱ्या मुलाकडून पाठवल्या नाहीत. पालकांना तोंडी एक सूचना दिली, घरात रांगतं मूल असेल तर पिशवी उंचावर ठेवा, चिंचोका घशात अडकू शकतो. एका आजीनं मला बाजारात सांगितलं की तिनं नातवाच्या पिशवीतला एक चिंचोका दगडावर घासून दोन केला आणि त्याला पट खेळायला शिकवला. नातू रागावला होता, कारण आता नऊच उरले.

जूनमध्ये वर्ग माझ्याकडे आला. बऱ्याच मुलांनी पिशवी घरी ठेवली होती, काही जण दप्तरात घेऊन फिरत होते. एकानं तीन खाल्ले होते आणि ते तो मोकळेपणानं सांगत होता.

आणि मग आमची चूक माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तो तोच मुलगा, दंग्याचा. त्यानं मे महिन्यात पाच चिंचोके परड्यात लावले होते, रोज पाणी घातलं होतं, महिना उलटला होता आणि एकही उगवला नव्हता. "बाई, गगनबावड्याच्या बाईंचे चिंचोके खोटे होते काय?" ही शेतकऱ्यांची मुलं. त्यांच्या हातात बी दिलं तर ती ते मातीत घालणार, हे आम्हा दोघींना सुचायला हवं होतं. परतलेलं बी मेलेलं असतं. किडा मारायला आम्ही आच दिली आणि बी मारलं. नुसतं वाळवून दिलं असतं तर किड्याचा धोका उरला असता. मार्ग असा होता की सात नव्यांपैकी एक न परतलेला ठेवायचा, त्याला रंगीत दोरा गुंडाळायचा आणि चिठ्ठीत एक वाक्य लिहायचं, हा लावायचा आहे. पुन्हा कधी करायचं झालं तर मी तसंच करेन.

त्याला मी खरं सांगितलं, कढईसकट. मग झाडाखालचा एक न परतलेला चिंचोका शोधला. कठीण टरफल लवकर मऊ व्हावं म्हणून एका कडेला दगडावर थोडा घासला, रात्रभर पाण्यात ठेवला आणि शाळेच्या कुंपणाशी लावायला लावला. दोन आठवड्यांत कोंब वर आला. त्यानं बाईंना फोन लावून द्यायचा हट्ट धरला आणि त्यांना तो कोंब किती बोटं आहे ते सांगितलं.

एक पिशवी अजून माझ्याकडे होती. ३१ मुलांशिवाय बाईंनी आणखी दोन पिशव्या भरल्या होत्या. एक दिवाळीनंतर सांगलीला गेलेल्या मुलासाठी, ती त्याचे काका घेऊन गेले. दुसरी बीडहून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातल्या मुलीसाठी. ती नोव्हेंबरमध्ये वर्गात आली आणि कारखान्याचा हंगाम संपला तशी मार्चमध्ये गेली. बदली कळली तेव्हा ती केव्हाच परतली होती. जाताना शाळेनं तिला, स्थलांतर करणाऱ्या मुलांना देतात ते, शिक्षण हमी कार्ड दिलं होतं, त्याच्या नोंदीवरून तिच्या गावच्या शाळेच्या पत्त्यावर बाईंनी पाकीट टाकलं. साध्या टपालानं, आणि सुट्ट्या लागायच्या तोंडावर. तेव्हाच मला शंका होती. म्हणून शिल्लक तुकड्यातून शिवलेली एक जादा पिशवी मी दहा चिंचोके भरून कपाटात ठेवली होती.

नोव्हेंबरमध्ये टोळी परत आली आणि ती मुलगी माझ्या वर्गात येऊन बसली. पाकीट तिला मिळालं नव्हतं. मी संध्याकाळी बाईंना फोन केला. तिची ओळ त्यांना तोंडपाठ होती: "तू प्रत्येक नव्या पानावर आधी तुझ्या गावाचं नाव लिहितेस." मी ती चिठ्ठीच्या मागं लिहिली. अक्षर माझं आहे आणि ओळ बाईंची, हेही तिला सांगितलं.

तिनं चिठ्ठी सावकाश वाचली. मग पिशवी बाकावर ओतली आणि विचारलं, डब्यातले तीन कोणते. मी काळे, गुळगुळीत असे तीन वेगळे करून दाखवले. तिनं ते बोटानं पुन्हा बाकीच्यांत सरकवले, दहा मोजले आणि नाडी ओढली.